तीन बीकन, एक ट्रॉली : एक्स्टेंडेड कालमन फिल्टरच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

कार्यशाळेच्या आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद हॉलमध्ये फिरणारी आमची दोन चाकांची ट्रॉली कोणत्याही क्षणी कुठे आहे आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे तिला स्वतःला कळले पाहिजे, एवढेच या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे अवस्था तीनच आहेत : `x`, `y` आणि दिशेचा कोन `θ`. मोजमापाची साधने दोन आहेत. चाकांवरचे एन्कोडर दर २० मिलिसेकंदांनी ट्रॉली किती पुढे सरकली आणि किती वळली ते सांगतात. अल्ट्रा-वाइडबँडचे तीन बीकन सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्यापासून ट्रॉलीपर्यंतचे अंतर सांगतात. बीकन आम्ही भिंतीवर न लावता स्टँडवर, ट्रॉलीच्या अँटेनाच्याच उंचीवर ठेवले आहेत, म्हणजे उंचीतला फरक गणितात आणावा लागत नाही.

ट्रॉली एका ज्ञात जागी उभी करून अंतराची वाचने घेतली. त्यांच्या विखुरणीवरून मोजमापाच्या नॉइजचे प्रमाण विचलन ०.१ मीटर धरायचे ठरवले, म्हणजे `R = 0.01`. गतीवरून बांधलेला अंदाज आणि वाचन यांची त्यांच्या अनिश्चिततेनुसार सांगड घालणाऱ्या साध्या कालमन फिल्टरने हे काम होत नाही, कारण दोन्ही समीकरणे अरेषीय आहेत : पुढची जागा `cos θ` आणि `sin θ` यांवर अवलंबून असते आणि अंतर वर्गमुळातून येते. म्हणून प्रत्येक पायरीला त्या क्षणीच्या अंदाजापाशी स्पर्शरेषा काढायची आणि तेवढ्यापुरते मॉडेल सरळ आहे असे मानायचे, हा एक्स्टेंडेड कालमन फिल्टरचा मार्ग आम्ही घेतला आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

आज गतीचे समीकरण आणि त्याचे जेकोबियन, म्हणजे उतारांचे मॅट्रिक्स, लिहिले.

```
x' = x + Δs·cos(θ + Δθ/2)
y' = y + Δs·sin(θ + Δθ/2)
θ' = θ + Δθ

F = [ 1  0  -Δs·sin(θ + Δθ/2) ]
    [ 0  1   Δs·cos(θ + Δθ/2) ]
    [ 0  0   1                ]
```

अंदाज स्वतः पुढे नेताना मूळ अरेषीय समीकरणच वापरायचे असते. `F` लागते ते फक्त कोव्हेरियन्स पुढे नेण्यासाठी, `P' = F·P·Fᵀ + Q` असे; यात `Q` म्हणजे गतीतल्या नॉइजचे व्हेरियन्स. हा भेद वहीत ठळक लिहून ठेवला, कारण सुरुवातीला माझ्या सहकाऱ्याने `x' = F·x` असे लिहिले होते आणि ते चूक होते.

मला या मॅट्रिक्समध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटला तो तिसरा स्तंभ. आमच्याकडे दिशा मोजणारे एकही साधन नाही. बीकन फक्त अंतर सांगतात. तरीही फिल्टर दिशा सुधारतो, तो या स्तंभामुळेच. समजा, ट्रॉली `x` अक्षाच्या दिशेने तोंड करून निघाली, दिशेबद्दलची अनिश्चितता ०.१ रेडियन, म्हणजे जवळपास पावणेसहा अंश आहे, आणि `y` बद्दलची ०.१ मीटर आहे. दोन मीटर चालल्यावर (सोयीसाठी ही सारी पावले एकाच पावलात घेतो, `Q` वगळतो) `y` चे व्हेरियन्स `0.01 + 4 × 0.01 = 0.05` होते आणि `y` व `θ` यांच्यात `2 × 0.01 = 0.02` एवढे कोव्हेरियन्स निर्माण होते. याचा साधा अर्थ असा की, ट्रॉली वाटल्यापेक्षा डावीकडे सापडली, तर तिचे तोंडही पहिल्यापासून थोडे डावीकडेच असावे, हे फिल्टरला आता ठाऊक आहे.

आता एखादा बीकन नेमका डाव्या हाताला, `y` च्या दिशेने आहे आणि त्याने अपेक्षेपेक्षा ०.२ मीटर कमी अंतर सांगितले असे धरू. वाचन आणि अपेक्षा यांतला फरक म्हणजे इनोव्हेशन; त्याचे व्हेरियन्स `S = 0.05 + 0.01 = 0.06` येते. `y` मध्ये ०.१६७ मीटरची दुरुस्ती होते आणि त्याच वाचनाने `θ` मध्ये `0.02/0.06 × 0.2 = 0.067` रेडियनची, म्हणजे सुमारे ३.८ अंशांची दुरुस्ती होते. न मोजलेली गोष्ट अशी केवळ कोव्हेरियन्सच्या आधारे सुधारताना आकड्यांत पाहिली, तेव्हा हा फिल्टर मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कालची चाचणी सरळ रेषेत होती आणि उत्तम झाली. आज ट्रॉली काटकोनात वळवून `y` अक्षाच्या दिशेने नेली, तेव्हा दिशेचा अंदाज हळूहळू बिघडत गेला. फिल्टर कोसळला नाही, आकडे अनंताकडे गेले नाहीत. प्रत्येक दुरुस्तीनंतर दिशा थोडी उलट्या बाजूला ढकलली जात होती, एवढेच. अशी चूक फार घातक असते, कारण ती नॉइजसारखी दिसते आणि माणूस `Q` व `R` चे आकडे हलवत बसतो. आम्ही दोन तास तेच केले.

शेवटी जेकोबियन आकड्यांनी तपासले. प्रत्येक अवस्था अगदी थोडी पुढे-मागे हलवायची, मूळ समीकरणातून येणारा फरक पाहायचा आणि हाताने काढलेल्या जेकोबियनशी ताडायचा :

```python
def numjac(f, x, h=1e-5):
    J = np.zeros((len(f(x)), len(x)))
    for i in range(len(x)):
        d = np.zeros(len(x)); d[i] = h
        J[:, i] = (f(x + d) - f(x - d)) / (2*h)
    return J
```

पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या घरात उणे चिन्ह राहून गेले होते. `x` अक्षाच्या दिशेने जाताना `sin θ` शून्याजवळ असतो, म्हणून सरळ चाचणीत ही चूक दिसणे शक्यच नव्हते. यापुढे कोणतेही जेकोबियन बदलले की यादृच्छिक वीस-पंचवीस अवस्थांवर ही तुलना आपोआप होईल आणि फरक आढळला तर प्रोग्राम पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था केली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज अंतराच्या मोजमापाची दुरुस्ती एकदा पूर्णपणे हाताने केली, कारण प्रोग्रामचे उत्तर ताडून पाहण्यासाठी एक तरी खात्रीचे उदाहरण हाती हवे होते. बीकन मूळबिंदूवर, ट्रॉलीचा अंदाज (३, ४) आणि दोन्ही दिशांना अनिश्चितता ०.५ मीटर, म्हणजे व्हेरियन्स ०.२५. अपेक्षित अंतर ५ मीटर. अंतराचे जेकोबियन म्हणजे बीकनकडून ट्रॉलीकडे जाणारा एकक सदिश, `H = [0.6 0.8 0]`. शेवटचे शून्य दिशेचे आहे. `K` म्हणजे गेन, इनोव्हेशनचा किती वाटा दुरुस्तीत घ्यायचा ते प्रमाण.

```
S = 0.25 + 0.01 = 0.26
K = [0.15  0.20] / 0.26 = [0.577  0.769]
```

प्रत्यक्ष वाचन ५.३ मीटर आले असे धरले, तर अंदाज (३.१७३, ४.२३१) येथे सरकतो. दुरुस्तीनंतर बीकनच्या रोखाने व्हेरियन्स ०.२५ वरून ०.००९६ वर येते; त्याच्याशी काटकोनातल्या दिशेने मात्र ते जिथल्या तिथे, ०.२५ च राहते. एका बीकनचे एक अंतर एवढेच सांगू शकते, आणि फिल्टर त्यापेक्षा जास्त काही कळल्याचा दावा करत नाही. प्रोग्रामचे उत्तर चौथ्या दशांशापर्यंत जुळले.

१८ ऑगस्ट, सोमवार

हॉलची पूर्ण फेरी आज पहिल्यांदा चालवली. जमिनीवर खडूने मार्ग आखला होता आणि मीटरभर अंतरावर खुणा केल्या होत्या, म्हणजे खरी जागा ताडता येईल. सुरुवातीची दिशाही खडूच्या रेषेला ट्रॉली समांतर लावूनच ठरवतो, कारण दिशेच्या अंदाजात रेडियनभर चूक असेल तर `F` मधला उतारच निरर्थक ठरतो.

मोकळ्या भागात फिल्टरने चांगले काम केले. लोखंडी कपाटांच्या मागच्या गल्लीत मात्र वेगळेच घडले. तिथून पहिला आणि तिसरा बीकन दिसत नाही, फक्त दुसरा दिसतो आणि तोही अगदी जवळ, मीटरभर अंतरावर असतो. गल्लीत शिरेपर्यंत एन्कोडरच्या भरवशावर आल्यामुळे बाजूची अनिश्चितता वाढलेली असते. ट्रॉली तिथे सेकंदभर थांबून बाहेर आली, पहिला आणि तिसरा बीकन पुन्हा दिसू लागले, तरी अंदाज खऱ्या जागेपासून वीतभर दूरच राहिला आणि कितीतरी वाचने आल्यावर अगदी सावकाश मूळ मार्गावर आला.

आमचा पहिला संशय अर्थातच बीकनवर गेला. कपाटाच्या पत्र्यावरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल अंतर जास्त दाखवतो, हे खरे आहे. पण दुसऱ्या बीकनची त्या गल्लीतली वाचने टेपने ताडली, तेव्हा ती बरोबर निघाली.

२० ऑगस्ट, बुधवार

इनोव्हेशनची छाननी केली. प्रत्येक वाचनाला इनोव्हेशनचा वर्ग भागिले `S` ही संख्या काढली. फिल्टर स्वतःच्या अनिश्चिततेबद्दल खरे बोलत असेल, तर एका अंतराच्या वाचनासाठी या संख्येची सरासरी १ च्या जवळ असावी आणि ती ३.८४ च्या वर साधारण शंभरात पाचच वेळा जावी. गल्लीत ही संख्या फारच लहान होती, जवळपास शून्य. मी समाधानाने म्हणालो की निदान तिथे तरी फिल्टर बरोबर आहे.

मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहून विचारले, "इनोव्हेशन शून्य आले म्हणजे अंदाज बरोबर आहे, असे तुम्ही कशावरून म्हणता?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी गल्लीतली एकच जागा घेऊन खरे स्थान आणि अंदाज कागदावर मांडून आणायला सांगितले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमनी सांगितलेली मांडणी केली आणि कारण सापडले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण आमच्या संपूर्ण प्रकल्पातली ही सर्वांत मोलाची नोंद आहे.

सोयीसाठी दुसरा बीकन मूळबिंदूवर घेऊ. फिल्टरचा अंदाज (१, ०) आहे. बीकनच्या रोखाने, म्हणजे `x` मध्ये, अनिश्चितता ०.२ मीटर (व्हेरियन्स ०.०४) आणि त्याला काटकोनात, म्हणजे `y` मध्ये, ०.५ मीटर (व्हेरियन्स ०.२५). ट्रॉली प्रत्यक्षात (०.८, ०.६) येथे आहे. `x` मधली चूक बरोबर एक प्रमाण विचलनाची आणि `y` मधली १.२ ची, म्हणजे यात काहीही असाधारण नाही. पण बीकनपासून (०.८, ०.६) चे अंतर किती? बरोबर १ मीटर. अंदाजाचे अंतर किती? तेही १ मीटर. इनोव्हेशन शून्य. ट्रॉली साठ सेंटिमीटरांहून दूर, चुकीच्या जागी मानली गेली आहे आणि वाचन म्हणते आहे की सारे ठीक आहे.

दोष वाचनाचा नाही. एका अंतराचे वाचन ट्रॉलीला वर्तुळावर ठेवते. आम्ही त्या वर्तुळाऐवजी (१, ०) येथील त्याची स्पर्शरेषा घेतली आहे. त्या स्पर्शरेषेवर `x` सगळीकडे १ च आहे, म्हणून फिल्टरला वाटते की या वाचनाने `x` पक्का कळला. दुरुस्तीनंतर `x` तसाच राहतो, पण त्याचे व्हेरियन्स ०.०४ वरून ०.००८ वर येते. `x` मधली चूक २० सेंटिमीटरच आहे, मानलेली अनिश्चितता मात्र ९ सेंटिमीटर झाली.

ट्रॉली तिथे सेकंदभर थांबली की अशी दहा वाचने येतात. दहाही वेळा इनोव्हेशन शून्याच्या आसपास, आणि दहाही वेळा फिल्टर अधिक निश्चिंत. दहाव्या वाचनानंतर व्हेरियन्स ०.०००९८ होते, म्हणजे अनिश्चितता फक्त ३.१ सेंटिमीटर. चूक आता स्वतःच्या प्रमाण विचलनाच्या सहापटींहून अधिक आहे. मोजमापाचा नॉइज दहा वाचनांत सरासरीने कमी होतो, कारण प्रत्येक वेळी तो नवा असतो. वर्तुळाला रेषा मानण्यातली चूक दर वेळी तीच असते, तरी फिल्टर तिलाही नॉइजसारखीच सरासरीत काढतो.

बाहेर आल्यावर सावकाश सुधारणा का झाली, तेही यातून उलगडले. `x` च्याच रोखाने असलेल्या तिसऱ्या बीकनने ०.२ मीटरचा फरक दाखवला, तर `S` ०.०११ असतो आणि गेन फक्त ०.०८९, म्हणजे वीस सेंटिमीटरांपैकी पावणेदोन सेंटिमीटरच दुरुस्त होतात. आणि इनोव्हेशनची ती संख्या ३.६४ येते, म्हणजे ३.८४ च्या रेषेखालीच! म्हणून केवळ रेषा ओलांडली का, हे पाहून हा दोष पकडता येत नव्हता. पकडण्याची खूण वेगळी होती : गल्लीतून बाहेर पडल्यावर तिसऱ्या बीकनची इनोव्हेशन्स सलग एकाच चिन्हाची होती. निरोगी फिल्टरची इनोव्हेशन्स शून्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांशी संबंध नसल्यासारखी पडायला हवीत. २० तारखेचा आलेख वर्ग करून काढल्यामुळे चिन्हच नाहीसे झाले होते.

मॅडमनी या निमित्ताने एक इतिहास सांगितला. कालमन यांचा मूळ लेख १९६० चा आणि तो रेषीय प्रणालींसाठीचा. चंद्रमोहिमेच्या मार्गनिर्धारणासाठी नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅनले श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अरेषीय समस्येला लावला, आणि आधी आखलेल्या मार्गाऐवजी चालू अंदाजापाशीच स्पर्शरेषा काढावी, ही कल्पना त्याच कामातली. तिचा लाभ मोठा आहे, पण तिच्यातली अट आज आम्हाला कळली : उतार खऱ्या जागेचा नसून अंदाजाच्या जागेचा असतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

रेषा आणि वर्तुळ यांतला फरक केव्हा दुर्लक्षित करता येतो, याचे माप काढले. बीकनपासूनचे अंतर `d` आणि काटकोनातली अनिश्चितता `σ` असेल, तर अंतराच्या अंदाजात सरासरीने `σ²/(2d)` एवढी चूक राहते. १२ तारखेच्या उदाहरणात `0.25/10`, म्हणजे २.५ सेंटिमीटर, १० सेंटिमीटरच्या नॉइजपुढे हे नगण्य. गल्लीत `0.25/2`, म्हणजे १२.५ सेंटिमीटर, हे नॉइजपेक्षाही मोठे. दोष फिल्टरमध्ये सगळीकडे नव्हता, फक्त `d` लहान आणि `σ` मोठी अशा जागी होता.

उपाय म्हणून टेलर विस्तारातले दुसऱ्या घाताचे पद घेतले. अपेक्षित अंतरात `σ²/(2d)` मिळवायचे आणि इनोव्हेशनच्या व्हेरियन्समध्ये `½(σ²/d)²` मिळवायचे :

```python
m  = s2_t / (2*d)            # s2_t: काटकोनातले व्हेरियन्स
S  = H @ P @ H + R + 0.5*(s2_t/d)**2
K  = P @ H / S
x  = x + K*(z - (d + m))
P  = P - np.outer(K, K)*S
```

त्याच उदाहरणात आता अपेक्षित अंतर १.१२५ येते, `S` ०.०८१२५ आणि गेन ०.४९. वाचन १ मीटर असल्यामुळे इनोव्हेशन उणे ०.१२५ होते आणि `x` १ वरून ०.९३८ वर येतो, म्हणजे योग्य बाजूला. उरलेली चूक १३.८ सेंटिमीटर, मानलेली अनिश्चितता १४.३ सेंटिमीटर. चूक पूर्ण गेलेली नाही, आणि एका वाचनाने ती जाणारही नाही. पण फिल्टर आता आपल्याला किती माहीत आहे ते खरे सांगतो आहे, आणि पुढच्या बीकनला दुरुस्तीसाठी जागा ठेवतो आहे.

परवा गणेश चतुर्थी आहे. हॉल आता विसर्जनानंतरच उघडेल.

८ सप्टेंबर, सोमवार

नव्या दुरुस्तीसह गल्लीची फेरी पाच वेळा केली. बाहेर पडताच तिसऱ्या बीकनच्या पहिल्या काही वाचनांतच अंदाज खडूच्या खुणेवर येतो. इनोव्हेशन्सची चिन्हे आता मिसळलेली दिसतात.

एक मर्यादा मात्र उरली आहे. नवे वाढीव व्हेरियन्सही फिल्टर प्रत्येक वाचनाला नवा नॉइज समजूनच वापरतो, आणि आपण पाहिले की वक्रतेची चूक दर वेळी तीच असते. कागदावर वक्रतेची पदे पहिल्या वाचनाएवढीच धरून दहा वाचने लावून पाहिली, तर चूक सुमारे ८.७ सेंटिमीटर आणि मानलेली अनिश्चितता ६.१ सेंटिमीटर येते. आधीच्या सहापटीच्या तुलनेत ही दीडपटीहून कमी तफावत सुसह्य आहे, पण ट्रॉली मिनिटभर थांबली तर ती पुन्हा वाढेल. म्हणून असा नियम घातला की, एकच बीकन दिसत असेल आणि `σ²/(2d)` हे नॉइजच्या निम्म्याहून, म्हणजे ५ सेंटिमीटरांहून अधिक असेल, तर ट्रॉली किमान २० सेंटिमीटर सरकल्याशिवाय त्या बीकनचे पुढचे वाचन घ्यायचे नाही. जागा बदलली की बीकनचा रोखही बदलतो आणि नव्या वाचनात खरोखर नवी माहिती असते.

`σ` जर `d` च्या बरोबरीला आली, तर दुसऱ्या घाताचे पदही पुरत नाही. वर्तुळाचा मोठा भाग अनिश्चिततेत सामावतो आणि त्याचे वर्णन एका मध्याने व एका कोव्हेरियन्सने होतच नाही. ती वेळ येऊ नये म्हणून आज दुपारी दुसऱ्या बीकनचा स्टँड गल्लीच्या तोंडापासून उचलून समोरच्या भिंतीशी, साडेतीन मीटर अंतरावर नेला. `0.25/7`, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. नव्या जागेचे निर्देशांक टेपने दोनदा मोजून फाइलमध्ये बदलले आहेत.